काळ-काम-वेग: दिवस नका जोडू, टक्के जोडा

(सदाशिव पेठेतल्या एका अभ्यासिकेत स्पर्धा परीक्षेच्या मुलांसमोर झालेलं बोलणं, थोडं सावरून लिहिलेलं)

बसा बसा, मागचे पुढे या, फॅनखाली जागा आहे. आज काळ-काम-वेग, पण सगळा चॅप्टर नाही, फक्त एकच गोष्ट, की दोघांचा स्पीड वेगळा असेल तर रोज किती टक्के काम होतं.

समजा तुमच्या रूमच्या मालकांनी फ्लॅट रंगवायला काढलाय. गणेश पेंटर एकटा १२ दिवसांत रंगवतो, राजू एकटा १६ दिवसांत. दोघं मिळून किती दिवस? काल हाच प्रश्न दिला तर निम्म्या वर्गाने ७ लिहिलं. कसं काढलं विचारलं तर म्हणे सर, १२ आणि १६ ची सरासरी १४, माणसं दोन म्हणून निम्मे, ७. पेपर काढणाऱ्याला हे बरोबर माहीत असतं हां, तो ऑप्शनमध्ये ७ टाकतोच.

आता टक्क्यात बघा. पूर्ण फ्लॅट म्हणजे १००. गणेश १२ दिवसांत १०० करतो म्हणजे रोज ८.३३ टक्के, राजू १६ दिवसांत म्हणजे रोज ६.२५, सव्वासहा. दोघं एका दिवसात १४.५८ टक्के. १०० ला १४.५८ ने भागा, ६.८६ च्या आसपास येतं, नेमकं उत्तर ६ पूर्णांक ६/७ दिवस. ७ च्या इतकं जवळ आहे की चूक कळतच नाही, म्हणून तर ही चूक मोडत नाही.

आता तीच सरासरीवाली ट्रिक दुसऱ्या जोडीला लावा. एक पेंटर ४ दिवसांत करतो, दुसरा अगदी नवशिका, २४ दिवस लावतो. सरासरी १४, निम्मे ७. म्हणजे जो एकटा ४ दिवसांत उरकत होता त्याला मदतीला माणूस दिला तर ७ दिवस लागणार! असा मदतनीस कोण ठेवेल? टक्क्यात २५ आणि ४.१६, रोजचे २९.१६, साधारण साडेतीन दिवसांच्या आत काम खल्लास. दिवस जोडता येत नाहीत कारण दिवस जास्त म्हणजे माणूस स्लो, उलटं मोजमाप आहे ते, आणि टक्के सरळ जोडता येतात कारण ते झालेलं काम आहे, भिंतीवर दिसतं.

उत्तर तपासायचं असेल तर एवढंच बघा की दोघांचं मिळून उत्तर हे वेगवानाच्या निम्म्या आणि हळू असणाऱ्याच्या निम्म्या दिवसांच्या मध्ये पडलं पाहिजे. १२ आणि १६ असतील तर ६ आणि ८ च्या मध्ये. दोन ऑप्शन इथेच उडतात.

दशांशाचं एक सांगतो. ८.३३ हे खरं म्हणजे ८ पूर्णांक १/३ आहे, १२ दिवस जोडलं तर ८.३३ ने ९९.९६ च होतं, ते उरलेलं ०.०४ मनात धरायचं, घाबरायचं नाही. पण ७ आणि ११ दिवस आले की टक्क्यांचा नाद सोडा. १४.२८ आणि ९.०९ करत बसाल आणि ऑप्शनमध्ये असेल ४ पूर्णांक ५/१८. तिथे लसावि ७७ घ्या, एकूण काम ७७ युनिट, एक रोज ११ करतो, दुसरा ७, मिळून १८, ७७ भागिले १८, संपलं. टक्केवाली पद्धत म्हणजे तरी काय, काम १०० युनिटचं धरलंय एवढंच. आपल्या आजोबांना पावकी-सवायकी पाठ असायची म्हणून साडेबारा, सव्वासहा त्यांच्या जिभेवर असायचं, आपल्याला ते पाठ करावं लागतं, आठवा भाग साडेबारा, सोळावा सव्वासहा.

आता थोडं गंमतीचं. गणेश आणि राजू एकाच दिवशी येतच नाहीत, एक दिवस गणेश, एक दिवस राजू, असं आलटून पालटून. दोन दिवसांचं मिळून १४.५८ टक्के. अशा सहा जोड्या म्हणजे १२ दिवस, झालं साडेसत्याऐंशी टक्के. उरले साडेबारा. इथे पोरं साडेबाराला १४.५८ ने भागतात आणि चुकतात, कारण तेराव्या दिवशी दोघं नाहीत, एकच आहे. गणेशने सुरुवात केली असेल तर तेराव्या दिवशी तो ८.३३ करणार, उरणार ४.१६, ते राजू सव्वासहाच्या स्पीडने दोन तृतीयांश दिवसात करणार. एकूण १३ पूर्णांक २/३ दिवस. राजूने सुरुवात केली तर? तेराव्या दिवशी सव्वासहा झालं, सव्वासहाच उरलं, ते गणेश पाऊण दिवसात करतो, एकूण पावणेचौदा. माणसं तीच, काम तेच, पहिला कोण यावर उत्तर बदललं. म्हणून प्रश्नात "अ ने सुरुवात केली" हे चार शब्द पेनने अधोरेखित करा.

शेवटी टाकी. सिंहगड रोडच्या एखाद्या सोसायटीची टाकी धरा. कॉर्पोरेशनची लाइन एकटी ८ तासांत भरते, तासाला साडेबारा टक्के. बोअरची मोटार १२ तासांत, ८.३३. आणि एक गळती आहे, तासाला ४.१६ टक्के पाणी घालवणारी. गळती म्हणजे उलटं काम करणारा कामगार, वजा करायचा. साडेबारा अधिक ८.३३ वजा ४.१६, निव्वळ १६.६६, म्हणजे ६ तासांत टाकी भरली.

पण भोक तळाला नसून टाकीच्या बरोबर मध्यावर असेल तर? पाणी मध्यापर्यंत येईस्तोवर गळती नाहीच, स्पीड २०.८३, पहिले ५० टक्के २.४ तासांत. पुढचे ५० टक्के १६.६६ ने, ३ तास. एकूण ५ तास २४ मिनिटं, सहा नाही. (खऱ्या टाकीत भोकावर पाणी जितकं उंच तितका जोर जास्त, त्यामुळे गळती एकसारखी नसते, पेपरात मात्र एकसारखीच धरायची.)

एकाने विचारलं, "सर, पण प्रश्नात तर लिहितात की गळतीने भरलेली टाकी २४ तासांत रिकामी होते, ४.१६ त्यावरूनच काढायचं ना?" भोक तळाला असेल तर हो. मध्यावर असेल तर भरलेली टाकी रात्री तशीच सोडून बघा, १२ तासांत पाणी अर्ध्यावर येईल आणि तिथेच थांबेल, ती टाकी कधी रिकामी होणारच नाही. म्हणून असा प्रश्न आला तर गळती तासाच्या हिशोबात दिलेली असायला हवी, नाहीतर प्रश्नच चुकीचा आहे.