चार्जिंग चालू, नकाशा गायब

[दृश्य: पुण्याहून साताऱ्याकडे जाणारी गाडी, खंबाटकी घाट. डॅशबोर्डच्या स्क्रीनवर नकाशा. चाक खड्ड्यातून जातं, स्क्रीन काळी होते.]

निवेदन:

घाटात नेमकं वळण यायचं आणि नकाशा जायचा. सात-आठ सेकंदांनी परत यायचा, पुढच्या खड्ड्यात पुन्हा जायचा. गाडी माझ्या आतेभावाची, नकाशा त्याच्या फोनमधून केबलने स्क्रीनवर यायचा. त्याचा संशय आधी गाडीवर, मग फोनवर, मग नव्या अपडेटवर. केबलवर मात्र अजिबात नाही. "अरे, चार्जिंग तर होतंय ना!" हे त्याचं शेवटचं उत्तर.

ती केबल दोन मीटर लांब, वरून जाड सुती वेणी घातलेली, दिसायला दणकट. दोनच्या पाकिटात घेतलेली. तिचा जुळा भाऊ आम्ही नंतर कापला, ते दाखवतोच.

[दृश्य: फोन आणि गाडीची स्क्रीन, मध्ये केबल.]

फोनमधली ॲप गाडीच्या स्क्रीनवर आणणारं अँड्रॉइड ऑटो तारेवर चालतं, तेव्हा नकाशा गाडीत नसतो. तो फोनच रेखाटतो, त्याचा व्हिडिओ करून दाबून लहान करतो आणि केबलमधून पाठवतो. गाडी तो नुसता दाखवते आणि आपल्या बोटांचे स्पर्श उलट फोनकडे धाडते. या व्हिडिओला फार वेग लागत नाही. यूएसबी २.० ची वाट सेकंदाला ४८ कोटी बिटांची आहे, आणि हा व्हिडिओ तिचा अगदी लहानसा भाग वापरतो. त्यामुळे 'वेगवान केबल घ्या' हा सल्ला इथे निरुपयोगी. प्रश्न जोड मधेच तुटण्याचा आहे.

फोन जोडला की गाडी आधी त्याला विचारते, तुला या पद्धतीने बोलता येतं का? फोन हो म्हणाला की तो यूएसबीवरून क्षणभर स्वतःला काढून घेतो आणि नव्या ओळखीने पुन्हा हजर होतो. मग दोघांत आवृत्ती जुळवणं, सांकेतिक किल्ल्यांची देवाणघेवाण, आणि त्यानंतर चित्र. मधेच जोड निमिषभर तुटली, तर हे सगळं पहिल्यापासून. ते सात-आठ सेकंद त्यातच जात होते.

बॅटरीला त्या निमिषाचं काहीच वाटत नाही. वीज क्षणभर थांबली आणि पुन्हा आली, फार तर विजेचं चिन्ह लुकलुकतं. म्हणून चार्जिंग होतंय यावरून केबलच्या लाल आणि काळ्या तारा शाबूत आहेत, एवढंच कळतं.

[दृश्य: टेबलावर कापलेली केबल, भिंगातून.]

हा तो जुळा भाऊ. वेणीच्या आत रबर, रबराच्या आत चार तारा. लाल तार वीज नेते, काळी ती परत आणते. हिरवी आणि पांढरी डेटाच्या. या दोघींनी एकमेकींना पीळ घालून जायला हवं, म्हणजे बाहेरची खरखर दोघींवर सारखी बसते आणि वजा होऊन जाते. इथे पीळ नावालाच आहे. भोवती चकाकती पन्नी आणि तिच्यावर बारीक तारांची जाळी असायला हवी होती, तीही नाही. वरची जाडी सगळी कापडाची!

चारही तारा २८ गेजच्या. गेजचा आकडा जितका मोठा तितकी तार बारीक. या जाडीच्या तांब्याला मीटरमागे सुमारे ०.२१ ओहम रोध असतो, म्हणजे दोन मीटरच्या काळ्या तारेत ०.४३ ओहम.

[दृश्य: यूएसबी मीटर, फोनची बॅटरी २२ टक्के.]

बॅटरी उतरलेली होती तेव्हा मीटरवर ०.९ अँपिअर दिसत होते. गाडीच्या टोकाला ५.१ व्होल्ट, फोनच्या टोकाला ४.३ च्या आसपास. फोनला तेवढं चालतं, तो कमी करंट घेऊन वेळ मारून नेतो. पण खरी मेख काळ्या तारेत आहे. ०.९ ला ०.४३ ने गुणा, जवळपास ०.३९ व्होल्ट. दोघंही व्होल्ट काळ्या तारेपासून मोजतात, म्हणून एवढा फरक फोनच्या 'शून्या'त आणि गाडीच्या 'शून्या'त पडला. टाइप-सी केबलच्या नियमांत या तारेवर ०.२५ व्होल्टपर्यंतची घट चालते.

डेटाचा संकेत मुळात जेमतेम ०.४ व्होल्टचा, आणि एकेका बिटाला वेळ सुमारे दोन नॅनोसेकंद. त्या चिमुकल्या संकेताच्या पायाखालची जमीनच तेवढ्याच उंचीने वर उचलली गेली, तर समोरच्याने तो वाचायचा कसा? सरळ रस्त्यावर तो कसाबसा वाचला जात होता. चुकलेला तुकडा यूएसबी पुन्हा मागवते, पण तोच तुकडा लागोपाठ तीनदा चुकला की ती हात टेकते. खड्ड्यात प्लगची पकड किंचित हलली, की तेवढं निमित्त पुरायचं.

यातून एक खूण हाती लागते. सकाळी बॅटरी ९० च्या वर असताना निघालं, की नकाशा क्वचितच जायचा, कारण तेव्हा फोन थोडाच करंट ओढतो. दुपारी बॅटरी खाली आली की त्रास सुरू. रस्ता तोच, खड्डे तेच. असं होत असेल, तर आधी केबल बदला.

[दृश्य: लॅपटॉप, काळी खिडकी.]

घरी लिनक्सचा लॅपटॉप असेल तर केबलचं खोटं पकडता येतं. फोन जोडा, टर्मिनलमध्ये ही आज्ञा द्या आणि दोन्ही टोकांचे प्लग हलकेच हलवा.

```
sudo dmesg -w
```

फोन जोडताच `new high-speed USB device` असं यावं. त्याजागी `full-speed` दिसलं, तर जोड ४८ कोटींवरून १ कोटी २० लाखांवर घसरली आहे. काहीच उमटलं नाही, तर बहुधा त्या केबलला डेटाच्या ताराच नाहीत. आणि प्लग हलवताना `USB disconnect` उमटलं, तर टोक सैल आहे.

सैल टोक कुणाचं, हेही बघायला हवं. चांगली केबलसुद्धा हलवल्यावर तुटत असेल, तर फोनच्या भोकात डोकवा. खिशातला कापूस तिथे तळाशी दाबून बसतो, प्लग पूर्ण आत जात नाही. फोन बंद करून लाकडी दातकोरणीने तो हळूच काढायचा. टाचणी नको.

शिवाय डॅशबोर्डच्या पोर्टमागे गाडीची स्वतःची एक केबल असते, ती स्क्रीनच्या डब्यापर्यंत जाते. आपण बाहेर लावतो ती लांबी तिच्यात मिळवा. म्हणूनच एक्स्टेंशन किंवा हब मध्ये घालू नये, प्रत्येक जोड थोडा संकेत खातो. आणि चांगल्या केबलवरही नकाशा जात असेल, पण चार्जिंगचं चिन्ह लुकलुकतही नसेल, तर फोन बॅटरी वाचवायला ते ॲपच झोपवत असण्याची शक्यता आहे. तिथे नवी केबल घेऊन काही होणार नाही.

[दृश्य: पुन्हा घाट.]

आतेभावाने एक मीटरची केबल घेतली. विजेच्या तारा २४ गेजच्या, डेटाची जोडी पीळ घातलेली, भोवती पन्नी आणि जाळी. दुकानात आतलं दिसत नाही, म्हणून पाकिटावर '२८/२४' छापलंय का ते पाहिलं. पहिला आकडा डेटाच्या तारांचा, दुसरा विजेच्या. बॅटरी २० टक्क्यांवर आणली आणि मीटर लावला. फोन आता १.४ अँपिअर घेत होता, तरी काळ्या तारेवरची घट ०.१२ व्होल्टच्या आसपास. खंबाटकी चढून उतरलो, नकाशा जागचा हलला नाही.

जुनी केबल त्याने टाकली नाही. ती आता त्याच्या पलंगाशेजारच्या चार्जरला असते, आणि रात्रभरात फोन शंभर टक्के करते.