आधी ठिणगी की आधी आग?

यवतमाळ जिल्ह्यातलं एक गाव. दिवाळी तीन दिवसांवर आलेली, सोयाबीन कापून शेतात गंजी लावलेली. मळणी व्हायच्या आधीच ती गंजी एका रात्रीत राख झाली. गाव, माणसं आणि वेळा या व्हिडिओसाठी बेतल्या आहेत, पण असे कागद कुठल्याही तालुक्यात सापडतील.

ठाण्यात तीन जबाब झाले. शेतकरी म्हणतो, सात वाजता आग दिसली आणि शेजारी पळताना दिसला. दोघांचा धुऱ्याचा वाद जुना आहे. शेजारी म्हणतो, मी तालुक्याला माल विकायला गेलो होतो, शेवटच्या एसटीनं परत आलो. पलीकडच्या शेतात जागलीला असलेला म्हातारा सांगतो, "लाइन आली अन् तारेतून ठिणग्या पडल्या साहेब, म्या डोळ्यानं पायलं."

तपासी अंमलदार खोटं कोण बोलतंय हे आधी ठरवत नाहीत. ते एका कागदावर उभी रेघ ओढतात आणि डावीकडे फक्त यंत्रानं किंवा नोंदवहीनं दिलेल्या वेळा लिहितात. माणसांचं म्हणणं उजवीकडे, तेही पेन्सिलनं.

पहिली खात्रीची वेळ शेतकऱ्याच्याच मोबाइलमध्ये सापडते. आग दिसल्याबरोबर त्यानं मुलाला फोन लावला होता, तो 8 वाजून 4 मिनिटांनी. नगर परिषदेच्या अग्निशमन केंद्रात वर्दीची नोंद 8:19 ची आहे. म्हणजे 'सात' हा अंदाज होता. या दिवसांत सूर्य पावणेसहाच्या सुमारास मावळतो, अंधार लवकर पडतो आणि घड्याळ न पाहणाऱ्याचा तासाभराचा फरक सहज पडतो. म्हणून मुरलेला अंमलदार "किती वाजले होते?" असं विचारत नाही. तो विचारतो, "तेव्हा तुम्ही काय करत होतात, आणि मग आधी काय केलं?"

आता शेजारी. बाजार समितीच्या वजनकाट्याच्या पावतीवर रिकाम्या गाडीचं वजन 6:40 ला झालेलं दिसतं. पण पावतीवर गाडीचा नंबर असतो, माणसाचं नाव नसतं. एसटीचं तिकीट 8:10 चं आहे, त्यावरही नाव नाही. मग किराणा दुकानाचा कॅमेरा पाहिला, तर पैसे देताना तो स्पष्ट दिसतो, पण पडद्यावर वेळ आहे 8:31. तोवर त्याची एसटी सुटलेली असायला हवी! इथं बरेच जण आरोपी सापडला म्हणून मोकळे होतील.

अंमलदार स्वतःचा मोबाइल कॅमेऱ्याच्या पडद्याशेजारी धरतात आणि दोन्ही वेळा एका फोटोत घेतात. पडद्यावरचं घड्याळ 39 मिनिटं पुढे आहे. त्याच खरेदीची बँकेतली यूपीआय नोंद 7:52 ची, म्हणजे फरक तोच. दोन वेगळ्या वाटांनी एकच आकडा आला, तेव्हा वेळ पक्की. दुकानापासून शेत 22 किलोमीटर, रस्ता उखडलेला. 7:52 ला दुकानात असलेला माणूस 8:04 ला त्या शेतात असू शकत नाही.

मग पळताना कोण दिसलं? शेतकरी सांगतो, तेव्हा गंजी पूर्ण पेटली होती. अमावास्या जवळ आलेली, आकाशात चंद्र नाही. जाळाच्या उजेडात आकृती दिसली असेल. नाव बहुधा वादानं सुचवलं.

उरला म्हातारा. उपकेंद्राच्या नोंदवहीत शेतीपंपांच्या फीडरला त्या आठवड्यात रात्रपाळी आहे, लाइन 10 वाजता आली. आठ वाजता तारेत वीजच नव्हती, त्यामुळे त्या तारेच्या ठिणगीनं आग लागणं शक्य नाही. ही नोंदवही एवढंच सांगू शकते. लाइन असताना डीपीतला फ्यूज उडाला, तर उपकेंद्राला त्याचा पत्ताही लागत नसतो. तो कागद वायरमनकडे मिळतो. दुसऱ्या दिवशी सकाळी त्यानं फ्यूज बदलला आणि गंजीवरची तुटलेली तार जोडली.

म्हाताऱ्याला एकच प्रश्न विचारला जातो. ठिणग्या पडल्या तेव्हा तिथं कोण होतं?

"लई लोक होते ना. बंब बी होता."

म्हणजे ठिणग्या खऱ्याच, पण आगीनंतरच्या. जाळानं तार तुटली, लाइन आल्यावर ती चमकली. त्यानं पाहिलं ते बरोबर होतं, क्रम मात्र उलटा लागला.

रेघेवर आता एक कोरी जागा उरते, आग लागल्यापासून 8:04 पर्यंतची. तिथं कोणाचंच नाव बसत नाही, आणि अंमलदार ते बसवतही नाहीत. अहवालात आगीचं कारण 'अद्याप अज्ञात' असं लिहिलं जातं. पंचनाम्यात घेतलेली राख हवाबंद डब्यात नागपूरच्या प्रयोगशाळेला जाते. साध्या प्लास्टिकच्या पिशवीत ठेवली, तर रॉकेल-पेट्रोलचा अंश उडून जातो आणि मग तपासायला काहीच उरत नाही.