पंधरा मिनिटांची सरासरी

(नागपुरात शिक्षक आणि पालकांपुढे दिलेले व्याख्यान, थोडे संपादित करून)

नमस्कार. विषय फळ्यावर लिहिलाच आहे: काळ-काम-वेगाच्या गणितातलं उत्तर तपासायचं कसं. माझ्याकडे चाळीस मिनिटं आहेत असं सांगितलंय, आणि त्यातली दहा सत्कारात गेली. नारळ मिळाला, तक्रार नाही.

आधी माझ्या साडभाऊंची गोष्ट. घरातल्यांनी इतक्यांदा ऐकलीय की आमची ही आज मुद्दाम आली नाही.

मेहुणीच्या मुलीचं लग्न, इथेच नागपुरात. मुहूर्त बारा वाजून पाच मिनिटांचा. अमरावतीहून आत्याबाईंना आणायचं होतं. दारापासून दारापर्यंत 150 किलोमीटर धरा. आत्याबाईंची अट अशी की गाडी चाळीसच्या वर गेली की त्यांना मळमळतं. म्हणजे जाताना ताशी 60, येताना 40. मी म्हटलं, पहाटे पाचला निघू. साडभाऊ म्हणाले, "साडभाऊ, तुम्ही काऊन टेन्शन घेऊन राहिले? साठ अन् चाळीस, सरासरी पन्नास. तीनशे किलोमीटरले सहा तास. सहाले निघू, बाराले मांडवात!"

हे गृहस्थ बँकेत होते, हे सांगून ठेवतो. (हशा)

सहाला निघालो. आत्याबाई पिशवी घेऊन दारातच उभ्या होत्या, एक मिनिट वाया गेलं नाही. कोंढाळीला चहासुद्धा घेतला नाही, आणि ते मी अजून विसरलेलो नाही. तरी मांडवात पोचलो सव्वाबाराला. विदर्भातलं लग्न, मुहूर्त टळायलाच हवा होता, पण नेमका त्याच दिवशी गुरुजींनी वेळ पाळली. अक्षता पडून गेल्या होत्या. आत्याबाई माझ्याशी दोन वर्षं बोलल्या नाहीत. साडभाऊंशी बोलत होत्या.

चुकलं कुठे? जाताना 150 भागिले 60, अडीच तास. येताना 150 भागिले 40, पावणेचार. बेरीज सव्वासहा. तीनशेला सव्वासहाने भागा, सरासरी 48 येते. साडभाऊंचे 50 कधी खरे ठरले असते? दोन्ही वेगांनी सारखा वेळ गाडी चालली असती तर. तीन तास साठने, तीन तास चाळीसने. पण तीन तास साठने गेलो असतो तर 180 किलोमीटर झाले असते, म्हणजे अमरावती ओलांडून अकोल्याच्या वाटेवर तीस किलोमीटर पुढे! आत्याबाई तिथे राहत नाहीत.

हेच मला सांगायचंय. बेरीज-भागाकार साडभाऊंचा अचूक होता. अंतर सारखं आहे, म्हणून त्यांनी वेळही सारखा धरला, आणि तसं धरलंय हे त्यांना स्वतःलाच माहीत नव्हतं. आकडेमोड दहादा तपासली तरी ही चूक सापडत नाही. उत्तर घेऊन गणितात परत जावं लागतं आणि प्रत्येक टप्प्याचा वेळ वेगळा मांडावा लागतो. दुसरा उपाय, आकडा ताणून बघा. येताना ताशी 1 किलोमीटर धरा. साडभाऊंच्या रीतीने सरासरी साडेतीस येईल. प्रत्यक्षात परतायलाच 150 तास लागतील आणि सरासरी दोनलाही पोचणार नाही. म्हणजे रीतच चुकीची.

चिठ्ठी आली. दहा मिनिटं. बरं, कामाकडे येतो, खरं तर तोच विषय होता.

एक रंगारी भिंत 6 दिवसांत रंगवतो, दुसरा 12 दिवसांत. दोघं मिळून किती दिवस? कोणी 9 लिहिलं तर लगेच कळतं, कारण पहिला एकटाच सहा दिवसांत संपवतो. मदतनीस आल्यावर नऊ? पण हुशार पोरं साडेचार लिहितात. सरासरी नऊ, माणसं दोन, म्हणून निम्मे. हे सहापेक्षा कमी आहे, त्यामुळे संशय येत नाही. तपासा. साडेचार दिवसांत पहिल्याचं काम पाऊण भिंत, दुसऱ्याचं तीन अष्टमांश. बेरीज नऊ अष्टमांश, भिंतीपेक्षा जास्त! उरलेला रंग शेजाऱ्याच्या भिंतीवर गेला म्हणायचा. चार दिवस घ्या: दोन तृतीयांश आणि एक तृतीयांश, बरोबर एक. चूक साडभाऊंचीच आहे. सरासरी दिवसांची काढली, आणि बेरीज व्हायला हवी होती एका दिवसातल्या कामाची.

आणखी एक, पळत पळत सांगतो. ही बेरीजसुद्धा असं धरून चालते की दोघं एकमेकांच्या आड येत नाहीत आणि वेग पहिल्या दिवसापासून शेवटपर्यंत तोच राहतो. भिंतीला चालेल. अरुंद विहिरीत एकच माणूस मावत असेल तर दुसऱ्याला उतरवून दिवस कमी होत नाहीत. गणितात तसं सांगितलेलं नसेल तर धरा, पण धरलंय हे वहीत लिहा. टाकीला खालून गळती असेल तर तिचा वेग वजा करायचा, आणि ते उदाहरण मी घेणार होतो, पण...

हो, हो, थांबतो. पुढच्या कार्यक्रमाची मंडळी दारात उभी आहेत. गळतीवाल्यांनी खाली चहाला भेटा.