जुना पत्ता कुठे अडकून राहतो?

(दृश्य: कीबोर्डवरचं बोट, ब्राउझरची पत्त्याची पट्टी)

आत्ता एन्टर दाबलं. पट्टीत आहे mr.wikipedia.org, आपला मराठी विकिपीडिया. हे नाव आपल्यासाठी आहे. जोडणी करायला संगणकाला आकड्यांतला आयपी पत्ता लागतो आणि तो शोधायला सगळ्यात आधी ब्राउझर स्वतःचाच खिसा चाचपतो. फायरफॉक्समध्ये about:networking#dns उघडलं की दिसते ती ही यादी. मघाशी विचारलेली नावं, त्यांचे पत्ते, आणि प्रत्येक नोंद अजून किती सेकंद चालेल तो आकडा.

तिथे नाव नसेल तर प्रश्न ऑपरेटिंग सिस्टीमकडे जातो. तिच्याकडे hosts नावाची एक साधी मजकुराची फाइल असते. कुणी हाताने तिच्यात हे नाव लिहून ठेवलं असेल, तर प्रश्न सहसा तिथेच संपतो. नसेल तर सिस्टीमची स्वतःची कॅशे, म्हणजे आधी मिळालेल्या उत्तरांचा साठा, आणि मग भिंतीवरचा हा राउटर.

(दृश्य: राउटरचे लुकलुकणारे दिवे)

बहुतेक घरांत राउटर हा निरोप्या असतो. काही उत्तरं तोही लक्षात ठेवतो, पण खरी शोधाशोध करतो तो पुढचा, इंटरनेट कंपनीचा रिझॉल्व्हर. हजारो घरांचे प्रश्न त्याच्याकडे येतात, त्यामुळे शेजारच्या कुणी नुकतंच हेच नाव उघडलं असेल तर आपल्याला तयार उत्तर मिळतं.

त्याच्याकडेही काहीच नाही असं धरू. ही वाट उघडी करून दाखवणारी एक आज्ञा आहे. ती वाटेतल्या कॅशे टाळून स्वतः पायरी पायरीने विचारत जाते.

```
dig +trace mr.wikipedia.org
```

(दृश्य: काळ्या पडद्यावर सरकणाऱ्या ओळी)

पहिली पायरी रूट सर्व्हरची, म्हणजे सगळ्या नावांचा शोध जिथून सुरू होतो त्या सर्व्हरांची. त्यांची नावं तेराच आहेत, a पासून m पर्यंत, पण प्रती जगभर ठेवल्या आहेत, मुंबईतही. रूटला विकिपीडियाचा पत्ता ठाऊक नसतो. तो एवढंच सांगतो, ‘org सांभाळणारे हे, त्यांना विचारा.’ हे उत्तर १,७२,८०० सेकंद, म्हणजे पूर्ण दोन दिवस जपून ठेवायची मुभा असते. म्हणून रूटकडे जायची वेळ रिझॉल्व्हरवर क्वचितच येते. org चे सर्व्हर आणखी एक बोट पुढे दाखवतात: ns0.wikimedia.org आणि त्याची भावंडं. मूळ नोंद इथे आहे. ती सांगते की हे नाव म्हणजे dyna.wikimedia.org चंच दुसरं नाव, आणि त्या नावाचा पत्ताही याच सर्व्हरांकडे असतो.

आता या दोन खिडक्या शेजारी शेजारी बघा.

(दृश्य: दोन टर्मिनल, आकड्यांवर कॅमेरा जवळ)

डावीकडे नेहमीच्या रिझॉल्व्हरला विचारतोय, उजवीकडे थेट मूळ सर्व्हरला.

```
dig mr.wikipedia.org
dig @ns0.wikimedia.org mr.wikipedia.org
```

नावाशेजारचा आकडा म्हणजे टीटीएल, हे उत्तर किती सेकंद जपायचं ती मुदत. उजवीकडे कितीही वेळा विचारा, आकडा पूर्णच येतो. डावीकडे तो दर खेपेला उतरतोय. उतरता आकडा दिसला की समजायचं, हे उत्तर कॅशेतलं आहे. शून्यावर आला की रिझॉल्व्हर पुन्हा मूळ ठिकाणी विचारायला जाईल, त्याआधी नाही.

म्हणूनच ‘नवा पत्ता जगभर पसरायला वेळ लागतो’ हे वाक्य मला खटकतं. काहीच पसरत नसतं. जुन्या प्रतींची मुदत संपायची असते, एवढंच.

(दृश्य: वाचनालयाचं टेबल, जुना संगणक, भिंतीवरचं घड्याळ)

आमच्या वाचनालयाची वेबसाइट नव्या सर्व्हरवर हलवली तेव्हा टीटीएल होता ८६,४०० सेकंद, एक दिवस. मंगळवारी सकाळी ९ ला आम्ही पत्ता बदलला. गावातल्या रिझॉल्व्हरने ८:४० ला जुना पत्ता नेलेला होता, तो त्याच्याकडे बुधवारी ८:४० पर्यंत राहणार होता. पुण्यातल्या एका सभासदाच्या रिझॉल्व्हरने हे नाव आधी विचारलंच नव्हतं, त्याला लगेच नवी साइट दिसली. आम्ही १० वाजता जुना सर्व्हर बंद केला आणि गावातल्यांची साइट गेली. ipconfig /flushdns चालवून पाहिलं, पण त्याने आमच्या टेबलावरच्या संगणकाचीच कॅशे रिकामी झाली. रिझॉल्व्हरची प्रत तशीच.

सोमवारी सकाळी ९ च्या आत टीटीएल ३०० वर आणायला हवा होता. मग एक दिवसाच्या मुदतीच्या सगळ्या प्रती मंगळवारी ९ पर्यंत संपल्या असत्या आणि त्यानंतर पत्ता बदलला असता तर जुनं उत्तर फार तर पाच मिनिटं टिकलं असतं. मुदत आधी कमी करायची, जुनी मुदत पूर्ण उलटू द्यायची, मग पत्ता बदलायचा. आणि जुना सर्व्हर आणखी दोन दिवस चालू ठेवायचा, कारण दिलेली मुदत न पाळणारे रिझॉल्व्हरही असतात.

(दृश्य: बुधवार, घड्याळात ८:४१. पडद्यावर साइट उघडते.)