पगडी नको, कान दिसू दे

मागच्या पावसाळ्यात लालबागच्या एका काकूंनी त्यांच्या काळू कुत्र्याचा फोटो पाठवला, म्हणाल्या राजासारखा रंगव, ऑइलमध्ये, पगडी शेला सगळं पाहिजे. काळू चाळीतलाच, काळाभोर, छातीवर पांढरा पट्टा, डोळ्यांवर दोन तपकिरी ठिपके, आणि एका कानाचं टोक कापलेलं, नसबंदी झाली की खूण म्हणून कापतात ना, ते.

पहिली चूक माझीच. स्केच जवळपास झालं आणि मग लक्ष गेलं की फोटोत मागच्या भिंतीवरच्या कॅलेंडरची अक्षरं उलटी आहेत, म्हणजे सेल्फी कॅमेऱ्याचा फोटो, डावं उजवं फिरलेलं, आणि मी कापलेला कान चुकीच्या बाजूला काढून बसलो होतो! शिवाय मोबाईल नाकाजवळ धरलेला, त्यामुळे नाक मोठं आणि कान बारीक. काकूंना म्हटलं सहा-सात फुटांवरून झूम करून, काळूच्या डोळ्यांच्या लेव्हलला बसून, खिडकीच्या उजेडात, फ्लॅश न मारता काढा, आणि तोंड मिटलेलं असू दे. जीभ बाहेर आली की तो हसल्यासारखा दिसतो, मग कितीही जर चढवा, दरबारी रुबाब येत नाही.

आता पगडी. पगडी घातली की कान झाकला जाणार आणि ठिपकेही अर्धे जाणार, मग उरला कुठलाही काळा कुत्रा. म्हणून डोकं उघडं ठेवलं, गळ्यात मोत्यांचा कंठा, खाली अंगरखा आणि शेला. काकू थोड्या खट्टू झाल्या, असो. अंगरख्याला माणसाचे खांदे दिले की धडावर मुंडकं चिकटवल्यासारखं दिसतं, कारण कुत्र्याची मान पुढे येते आणि छाती अरुंद असते. मी खांदे उतरते आणि अरुंद ठेवले, गळपट्टी उंच घेतली, आणि मानेचे केस तिच्यावर थोडे येऊ दिले, सांधा तिथेच लपतो. कापड काळं नाही हं, काळ्या अंगात मिसळून जातं, गडद मरून घेतलं. काळं अंगही ट्यूबमधल्या काळ्याने नाही, बर्न्ट अंबर आणि अल्ट्रामरीन मिसळून, उजेडाकडे जरा निळसर, सावलीत तपकिरी.

सगळ्यात जास्त वेळ कुठे गेला सांगू, त्या दोन ठिपक्यांवर. ते त्याच्या भुवयाच. एक ठिपका दोन मिलिमीटर वर सरकला आणि काळू एकदम घाबरलेला दिसायला लागला, दोन दिवस कळेना काय चुकलंय. शेवटी फोटो आणि कॅनव्हास दोन्ही उलटे टांगले, तेव्हा चेहरा दिसायचा बंद झाला, नुसते आकार राहिले आणि फरक लगेच पकडला.

गणपतीत काकू न्यायला आल्या. म्हटलं न्या, पण रंग आतून वाळायला वेळ लागतो, सहा महिन्यांनी वार्निशला परत आणा. अजून आणलेलं नाही, काळूच्या चित्राखाली पाट मांडून ठेवलाय म्हणे.