लाइनवर अडकलेला चार्ज

चंद्रपूरची वीज पश्चिमेकडे आणणारी ४०० केव्हीची लांब लाइन डोळ्यासमोर आणा. हिशेबापुरती लांबी ३०० किलोमीटर धरू. पलीकडचं टोक उघडं आहे आणि आपण अलीकडचा ब्रेकर उघडला. अशा लाइनचा करंट कपॅसिटिव्ह असतो, त्यामुळे तो शून्यावर तुटतो त्या क्षणी व्होल्टेज बरोबर शिखरावर असतं. तेच लाइनवर अडकून राहतं. कमाल ४२० केव्ही धरलं, तर फेजचं शिखर ३४३ केव्ही येतं. समजा, वजा ३४३ अडकलं. कोरड्या हवेत ते मिनिटंच्या मिनिटं तसंच राहू शकतं. लाइनवर शंट रिअॅक्टर असेल तर गोष्ट वेगळी, तेव्हा ते डोलत डोलत उतरतं.

आता ब्रेकर पुन्हा बंद केला, आणि नेमका तेव्हा बसबारवर अधिक ३४३ होतं. फरक ६८६ केव्हीचा. तेवढी लाट लाइनवर धावते, साधारण एका मिलिसेकंदात उघड्या टोकाला पोहोचते आणि तिथे दुप्पट होते. वजा ३४३ अधिक १३७२, म्हणजे १०२९ केव्ही! शिखराच्या तिप्पट. ४०० केव्ही उपकरणांचा स्विचिंग इम्पल्सचा नेहमीचा दर्जा १०५० केव्ही असतो, म्हणजे हातात काहीच उरत नाही.

इथे क्लोजिंग रेझिस्टर कामाला येतो. आपल्याकडे सगळे त्याला पीआयआरच म्हणतात. मुख्य कॉन्टॅक्ट जुळण्याआधी तो सुमारे ८ ते १० मिलिसेकंद मार्गात असतो, नेहमीची किंमत ४०० ओहम. लाइनचा सर्ज इम्पिडन्स ३०० ओहम धरला, तर ६८६ मधले सातापैकी तीन भागच, म्हणजे २९४ केव्ही, लाइनवर जातात. टोकाला दुप्पट होऊन ५८८. त्यातून अडकलेले ३४३ वजा करा, उरतात २४५. परत येणारी लाट बरीचशी रेझिस्टरमध्येच जिरते. मग रेझिस्टर शॉर्ट झाला की दुसरी, लहान लाट उठते. ओहम वाढवले तर पहिली लाट आणखी खाली येईल, पण ही दुसरी फुगेल.

"अरेस्टर आहे ना, मग पीआयआर कशाला?" असं विचारतात. झिंक ऑक्साइडचा अरेस्टर आपल्या जागी व्होल्टेज शिखराच्या दुपटीच्या आसपास दाबतो. पण टोकांना अरेस्टर असले तरी लाइनच्या मध्यावर व्होल्टेज त्याहून वर जातं, आणि प्रत्येक वेळी ती ऊर्जा अरेस्टरलाच गिळावी लागते. लाइन फार लांब नसेल, तर नुसत्या अरेस्टरवर भागतंही.

पीआयआरची खरी खोड यांत्रिक आहे. त्याचा कॉन्टॅक्ट जुळला नाही, तरी ब्रेकर नेहमीसारखाच बंद होतो, पॅनेलवर काही दिसत नाही. म्हणून ब्रेकरच्या टायमिंग टेस्टमध्ये मुख्य कॉन्टॅक्टबरोबर पीआयआरची वेळही वेगळी मोजा. आणि लाइन चार्ज केल्यावर एकाच फेजच्या अरेस्टरचा काउंटर पुढे सरकत असेल, तर संशय आधी त्या फेजच्या पीआयआरवर घ्या.