आधी चिरा, मग थांबा, मग गॅस लावा

नमस्कार मंडळी! आज आपण ब्रोकोलीबद्दल बोलूया, म्हणजे ती चिरल्यावर तिच्या आत काय काय होतं आणि कुकरला शिट्ट्या काढल्या की त्याची वाट कशी लागते त्याबद्दल.

सल्फोराफेन हे नाव हल्ली सगळीकडे ऐकू येतं. अमेरिकेतल्या जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठात पॉल टलालय आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९२ साली ते ब्रोकोलीतून वेगळं काढलं, आणि शरीरातली नको ती रसायनं निकामी करून बाहेर काढणारी जी यंत्रणा असते ना, तिला ते जोर देतं असं त्यांना दिसलं. ते औषध आहे असं मात्र मी म्हणणार नाही, कोणी तसं सांगून गोळ्या विकत असेल तर जरा जपून. पण गंमत अशी की अख्ख्या, न चिरलेल्या ब्रोकोलीत सल्फोराफेन जवळपास नसतंच! तिच्यात असतं ग्लुकोराफेनिन, ते एका जागी, आणि त्याला तोडणारं मायरोसिनेज नावाचं एन्झाइम दुसऱ्या जागी, दोघांची गाठ पडत नाही. सुरी चालली किंवा दातांनी चावलं की पेशी फुटतात, दोन्ही एकत्र येतात, एन्झाइम त्यातली साखर तोडून टाकतं आणि उरलेल्या भागाचं लगेच सल्फोराफेन होतं. झाडाच्या दृष्टीने हा अळ्या-किड्यांविरुद्धचा बंदोबस्त आहे, आपल्यासाठी त्याने काही केलेलं नाही.

हे तुम्ही घरी पाहिलेलं आहे बरं का. लोणच्यासाठी मोहरी फेसतो तेव्हा कोरड्या मोहरीला काही वास नसतो, पण पूड करून पाणी घालून फेसली की झणका थेट नाकात जातो, तो याच मायरोसिनेजचा प्रताप. फक्त तिथे मूळ पदार्थ वेगळा, म्हणून तयार होणारी वस्तूही वेगळी आणि तिखट.

आता गॅसकडे येऊ. मायरोसिनेज हे प्रोटीन आहे, उष्णतेने त्याचा आकार बिघडतो आणि मग ते कामाचं राहत नाही. उकळत्या पाण्यात टाकलं, मायक्रोवेव्हला फुल पॉवरवर ठेवलं की काही मिनिटांत संपलं, आणि कुकरबद्दल तर बोलायलाच नको. उकळताना दुसराही घाटा होतो, ग्लुकोराफेनिन पाण्यात उतरतं आणि ते पाणी आपण सिंकमध्ये ओततो. एन्झाइम मेलेल्या भाजीतून सल्फोराफेन अजिबात मिळत नाही असं नाही, आतड्यातले बॅक्टेरिया थोडंफार काम करतात, पण ते माणसागणिक वेगळं आणि बरंच कमी.

मग कच्चीच खायची का? तर तसंही नाही. कच्च्या ब्रोकोलीत आणखी एक प्रोटीन असतं जे बराचसा माल भलत्याच दिशेला, नायट्राइलकडे वळवतं, आणि त्याचा आपल्याला काही उपयोग नाही. हे प्रोटीन ६० अंशांच्या आसपासच ढेपाळतं, मायरोसिनेज त्याहून जरा जास्त टिकतं. म्हणून हलकी वाफ हा मधला रस्ता. अख्खे तुरे पाणी उकळल्यावर वर चाळणीत ठेवून दोन-तीन मिनिटं, बास! रंग टवटवीत हिरवा आणि देठ कुरकुरीत हवा, शेवाळी रंग आला, मऊ पडली आणि गंधकासारखा वास सुटला की समजा उशीर झाला.

पण आपल्याला भाजी परतून, नीट शिजवूनच हवी असेल तर? मग क्रम बदला. बारीक चिरा, अर्धा-पाऊण तास तशीच ताटात पसरून ठेवा आणि मगच कढईत घाला. एन्झाइमचं काम गॅस लावायच्या आधीच उरकलेलं असतं, मग ते मेलं तरी चालतं, आणि तयार झालेलं सल्फोराफेन एन्झाइमपेक्षा बरं टिकतं, अर्थात तेही तासभर शिजवलंत तर जाणारच. घाईत असाल, चिरून लगेच फोडणीत टाकत असाल, तर हा फायदा विसरा.

फ्रोझन ब्रोकोलीचं काय, तर ती पाकिटात भरण्याआधी गरम पाण्यातून किंवा वाफेतून काढलेली असते, म्हणजे एन्झाइम आधीच गेलेलं, चिरून थांबण्यात अर्थ नाही. इथे मोहरी कामाला येते. इंग्लंडमधल्या रेडिंग विद्यापीठात लोकांना २०० ग्रॅम शिजवलेली ब्रोकोली दिली, एकदा नुसती आणि एकदा वर १ ग्रॅम मोहरीची पूड घालून, तर पूड घातल्यावर शरीरात गेलेलं सल्फोराफेन चौपटीहून जास्त भरलं! मोहरीतलं मायरोसिनेज ब्रोकोलीतल्यापेक्षा चिवट असतं. पण फोडणीत तडतडलेली मोहरी यात धरू नका हं, तिच्यातलं तेलातच जळालं. कच्ची पूड, भाजी खाली उतरवून जरा निवल्यावर, वरून चिमूटभर. आणि मोहरीची चव नको असेल तर शेजारी कच्च्या मुळ्याची कोशिंबीर घ्या, मुळ्यातही तेच एन्झाइम असतं.